शिवीगाळीच्या कमेंट का लपवल्या आणि इथून पुढं पेजवर काय चालेल

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरातल्या फुटबॉलच्या आपल्या या पेजवर, रविवारच्या उपांत्य सामन्याच्या पोस्टखालच्या बऱ्याच कमेंट आम्ही लपवल्या. सोमवारपासून इनबॉक्समध्ये तोच प्रश्न येतोय: "आमच्या पेठेच्याच कमेंट का उडवल्या?" दोन्ही बाजूंच्या समर्थकांनी हे विचारलंय, म्हणून उत्तर सगळ्यांसमोर देतो.

सामना टायब्रेकरवर गेला. शेवटची किक गोलकीपरच्या हाताला लागून आत गेली. तो मुलगा सतरा वर्षांचा आहे. रात्री अकरापर्यंत त्या पोस्टखाली त्याच्या आईवरून, बहिणीवरून, जातीवरून लिहून झालं होतं. दुसऱ्या दिवशी त्याच्या वडिलांनी फोन केला. आवाज चढवला नाही, भांडले नाहीत. एवढंच म्हणाले, "पोरानं मोबाईल बंद करून कपाटात ठेवलाय. त्याच्या आईनं सगळं वाचलं. तेवढं काढता येतंय का बघा." त्यानंतर काही दिवस तो सरावाला आला नाही. बूट दारातच पडून होते, असं त्याच्या मित्राकडून कळलं.

त्या कमेंट रात्रीच लपवायला हव्या होत्या. आम्ही तिघेही स्टेडियमवरून घरी येऊन झोपलो, ही आमची चूक झाली. त्या मुलाची आणि त्याच्या घरच्यांची आम्ही फोनवर माफी मागितली आहे, इथंही मागतो.

आता 'लपवली' म्हणजे काय, कारण यावरून गैरसमज आहे. लपवलेली कमेंट पुसली जात नाही. लिहिणाऱ्याला आणि त्याच्या फेसबुकवरच्या मित्रांना ती दिसत राहते, बाकी कुणाला दिसत नाही. म्हणून काहींना वाटतंय, की माझी कमेंट आहे आणि समोरच्याचीच गेली. तसं नाही. दोन्हीकडच्या गेल्या आहेत.

दुसरा मुद्दा बऱ्याच जणांनी मनापासून मांडलाय, की कोल्हापुरात शिवी म्हणजे माया. खरं आहे. गंगावेशीत दुधाचा ग्लास हातात घेऊन जुना दोस्त ज्या शब्दानं हाक मारतो, तो शब्द इथं लिहीत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. त्या हाकेनं आम्हालाही बरं वाटतं. पण तिथं त्याचा हात आपल्या खांद्यावर असतो, चेहरा हसरा असतो. कमेंटमध्ये नुसता शब्द पोचतो, तोही अनोळखी माणसाकडून, रात्री बारा वाजता. त्यात माया कुठून दिसणार? म्हणून दोस्तीतली शिवीसुद्धा या पेजवर नको. ती कट्ट्यावर राहू द्या.

नियम

खेळावर टीका करा, कडक करा. "कीपर उगाच पुढं आला, चेंडू डोक्यावरून गेला", "बचावफळी झोपली होती", "कोचनं बदली खेळाडू उशिरा उतरवला", "पंचांनी ऑफसाइड चुकीचा दिला": असल्या कमेंटला आम्ही हात लावणार नाही, आमच्या स्वतःच्या पेठेच्या संघावर असल्या तरी. विरोधी संघाची थट्टा, घोषणा, "नाद खुळा", सगळं चालेल. पेठापेठांतली ईर्षा नसेल तर आपल्या फुटबॉलला गर्दी कशी होणार? ती राहिलीच पाहिजे.

आई, बहीण, बायको यांच्यावरून काहीही लिहिलं की कमेंट लपणार. अक्षरांमध्ये टिंबं टाकून किंवा चिन्हं घालून लिहिलेली शिवीही शिवीच धरू.

जातीवरून, धर्मावरून लिहिलेलं एकदाही खपवून घेणार नाही. इथं आधी ताकीद नाही, थेट ब्लॉक. ज्या गावात 1902 साली शाहू महाराजांनी 50 टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवल्या, ज्या गावात ते गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात सगळ्यांदेखत चहा घ्यायचे, तिथल्या पोराला गोल खाल्ल्यावर जात ऐकावी लागते, हे आम्हाला बघवत नाही. अशा कमेंटवर 1989 च्या अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हाही दाखल होऊ शकतो, हे लिहिणाऱ्यानं ध्यानात ठेवावं.

आपल्या संघांकडून खेळायला आफ्रिकेतून आलेल्या खेळाडूंच्या रंगावरून लिहिणाऱ्यांनाही हाच नियम. त्यांना मराठी कळत नाही असं समजून लोक लिहितात, पण त्यातले काही जण आता मराठी चांगलं समजतात. त्यांच्यातल्या एकानं आम्हाला एका शब्दाचा अर्थ विचारला होता. आम्हाला सांगता आला नाही.

अठरा वर्षांखालच्या खेळाडूंबद्दल आणि मुलींच्या सामन्यांखाली आम्ही जास्त कडक राहू. मुलींच्या कपड्यांवर, दिसण्यावर एक शब्दही नको. खेळ बघा, त्यावर लिहा.

"मॅच विकली", "पंचानं पैसे खाल्ले" असा आरोप पुराव्याशिवाय केला तर कमेंट लपवू. पुरावा असेल तर इनबॉक्समध्ये पाठवा, आम्ही तो स्पर्धेच्या आयोजकांपर्यंत पोचवू. कुणाचाही फोन नंबर, घरचा पत्ता, गाडीचा नंबर टाकू नका.

"स्टेडियमच्या बाहेर ये, दाखवतो" ही आम्ही धमकीच समजतो. तिचा स्क्रीनशॉट जपून ठेवू आणि ज्याला धमकी दिली त्याला देऊ. त्याला cybercrime.gov.in वर किंवा पोलीस ठाण्यात तक्रार करायची असेल तर सोबत जाऊ.

बाकी बाबतीत पहिल्यांदा कमेंट लपवून इनबॉक्समध्ये कळवू. दुसऱ्यांदा ताकीद. तिसऱ्यांदा हंगाम संपेपर्यंत ब्लॉक. जात, धर्म, रंग, धमकी आणि लहान मुलांवरची घाण यांना ही सवलत नाही.

आम्ही तिघे अ‍ॅडमिन तीन वेगळ्या पेठांचे आहोत. ज्याच्या संघाबद्दल कमेंट आहे, तो त्यावर निर्णय घेणार नाही, बाकीचे दोघे घेतील. काही शब्दांना फिल्टर लावलाय, त्यात कधी चांगली कमेंटही अडकते. तसं झालं तर मेसेज करा, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत बघून उत्तर देऊ आणि चूक आमची असेल तर कमेंट परत दिसेल. सामन्याच्या रात्री इथून पुढं एक जण बारापर्यंत जागा राहील.

वाद जास्त पेटला तर पोस्टखाली पुढचा मजकूर दिसेल:

"मंडळी, या पोस्टखालच्या काही कमेंट लपवल्या आहेत, कारण त्यात शिवीगाळ होती. दोन्ही संघांच्या समर्थकांना एकच नियम लावला आहे. सामन्याबद्दल, डावपेचांबद्दल, पंचांच्या निर्णयाबद्दल जरूर लिहा, ते कुणी काढणार नाही. आपली कमेंट चुकून लपली असं वाटलं तर इनबॉक्समध्ये कळवा. खेळाडू आणि त्यांच्या घरचे हे पेज वाचतात."

तो गोलकीपर काल सरावाला आला होता. शनिवारी तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात तोच गोलमध्ये असेल. दुपारी चार वाजता, शाहू स्टेडियम.

— पेजचे तिघे अ‍ॅडमिन