पुरवठादारांकडून भेटवस्तू आणि पाहुणचार : सुधारित नियम

जुन्या धोरणात ‘वाजवी किमतीची भेट चालेल’ असं वाक्य होतं. वाजवी म्हणजे किती, हे ज्याने त्याने आपापलं ठरवलं. ते वाक्य रद्द.

एका पुरवठादाराकडून वर्षभरात घेतलेल्या सगळ्या भेटींची मिळून किंमत तुमच्या एका दिवसाच्या दौरा भत्त्याच्या आत हवी. पेन, डायरी, कॅलेंडर यात धरू नका. रोख, गिफ्ट कार्ड, खासगी सवलत किंवा उसने पैसे मात्र कितीही किरकोळ असले तरी नाहीत. घरच्यांच्या नावावर आलेली भेट तुमचीच समजली जाईल.

कामाच्या बैठकीनिमित्त जेवण एका पुरवठादाराकडून वर्षातून 2 वेळा चालेल. प्रवास-मुक्कामाचा खर्च कंपनीच करेल. निविदा निघाल्यापासून करारावर सही होईपर्यंत बोली लावणाऱ्यांकडून डायरीसुद्धा घेऊ नका.

भेट घेतलेली असो वा नाकारलेली, 3 कामकाजी दिवसांत भेट नोंदवहीत लिहा: कोणी दिली, कधी, अंदाजे किंमत आणि त्यांचं कोणतं बिल किंवा निविदा सध्या तुमच्या टेबलावर आहे. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा, आणि नेमका तोच रिकामा राहतो. घरी कुरिअरने आलेला खोका न उघडता परत पाठवा, पावती नोंदीला जोडा. परत पाठवता येत नसेल तर अनुपालन अधिकाऱ्याकडे जमा करा. साहेबांच्या कानावर घातलं म्हणजे नोंद झाली, असं धरलं जाणार नाही.