एक घंटी, दोन घंट्या

आगार व्यवस्थापक साहेब, वाहतूक निरीक्षक साहेब, कार्यशाळेतली मंडळी, चालक-वाहक बंधू-भगिनींनो, वहिनी आणि अण्णा,

पंधरा दिवसांपूर्वी आस्थापनेतल्या मॅडमनी माझ्या हातात एक पुठ्ठ्याची फाईल दिली. म्हणाल्या, अण्णा निवृत्त होतायत, त्यांच्याबद्दल ज्याला जे आठवेल ते लिहून यात टाकायला सांगितलंय, निरोपाचं भाषण तुम्ही करा. फाईल उघडली तर आत चिठ्ठ्याच चिठ्ठ्या. कुणी डायरीचं पान फाडलंय, कुणी चहाच्या बिलामागं लिहिलंय, एक मजकूर फोनवरून उतरवून घेतलेला. तारखा नाहीत, क्रम नाही. रोज रात्री जेवण झालं की घेऊन बसायचो.

अण्णांबरोबर मी अकरा वर्षं घाटघर मुक्कामी चालवली. मला वाटायचं, या माणसाची मला सगळी माहिती आहे. पण चालक पुढं बघतो. मागं काय चाललंय ते त्याला घंटीवरून कळतं. एक घंटी, थांब. दोन घंट्या, चल. त्या दोन घंट्यांच्या मध्ये काय काय व्हायचं ते मला या फाईलमधून कळलं. आज तेवढंच सांगणार आहे.

पहिली चिठ्ठी उडदावण्याच्या एका मुलीची. मुलगी म्हणजे आता ती नर्स आहे. 2009 सालचा मार्च, दहावीचा पहिला पेपर. पांजऱ्याच्या पुढं आल्यावर तिच्या लक्षात आलं की हॉलतिकीट घरीच राहिलं. ती रडायला लागली. अण्णांनी एक घंटी दिली. समोरून दुधाच्या कॅनचा मोटारसायकलवाला येत होता, त्याला हात करून थांबवलं, घर सांगितलं, कपाट सांगितलं, कुठल्या पुस्तकात ठेवलंय तेही तिला विचारून सांगितलं. मग तिच्या शेजारी बसून म्हणाले, "पेपरला बसायचंय, डोळे पूस." ती लिहिते, "राजूरच्या शाळेच्या फाटकापाशी दूधवाले काका माझ्याआधी उभे होते." अण्णा, ती घंटी मला आठवते. आधीच उशीर झाला होता आणि मी वैतागून हॉर्न वाजवला होता. सोळा वर्षांनी कळलं कशासाठी थांबलो होतो.

रोखपालांनी एकच ओळ लिहिली आहे : "वेबिल आणि रोकड, कधी दुसऱ्यांदा मोजावी लागली नाही." आपल्या खात्यात याच्या पलीकडं प्रशस्तिपत्र नाही.

कार्यशाळेतून चार चिठ्ठ्या आल्या आणि चारही डब्याबद्दल आहेत. वहिनी, तुम्ही दोन भाकरी जास्त द्यायचात ना, त्या कुठं जायच्या याचा हिशोब इथं आहे. रात्रपाळीच्या पोरांनी नावानिशी लिहून दिलाय.

2020 च्या मे महिन्यात परराज्यातल्या मजुरांना सीमेपर्यंत सोडायच्या गाड्या निघाल्या. यादीत पहिलं नाव अण्णांनी स्वतः घातलं. त्या प्रवासाचं मी फार बोलणार नाही. ज्यांनी त्या गाड्या नेल्या त्यांना ते चेहरे माहीत आहेत.

आता घाटघरच्या आजींचं सांगतो. हे त्यांच्या नातवानं फोनवर सांगितलं आणि मॅडमनी लिहून घेतलं. ही आजी हिरड्याची गोणी घेऊन राजूरच्या बाजाराला यायची. पैसे लुगड्याच्या पदराला, गाठ मारून. 2016 च्या नोव्हेंबरात पाचशेच्या नोटा बंद झाल्या, त्यानंतर चार-सहा दिवसांनी तिनं तिकिटासाठी गाठ सोडली. आत पाचशेच्या सात नोटा, घामानं मऊ झालेल्या. तिला काहीच माहीत नव्हतं. अण्णांनी त्या दिवसाचं तिकीट आपल्या खिशातून फाडलं, नोटा परत गाठीत बांधायला लावल्या, आणि आठवड्याच्या सुट्टीला साध्या कपड्यांत येऊन तिच्याबरोबर बँकेच्या रांगेत उभे राहिले. दुपारपर्यंत. सुट्टीच्या दिवशी!

पुढं 2022 च्या ऑगस्टमध्ये पंच्याहत्तरीच्या वरच्यांना प्रवास मोफत झाला. आजी काही फुकट बसायला तयार होईना. "आयुष्यात कुनाचं फुकट खाल्लं नाय," म्हणाली, आणि उभीच राहिली. अण्णांनी तिचं आधार कार्ड बघितलं, मशीनमधून शून्य रुपयांचं तिकीट काढलं आणि तिच्या हातात देऊन म्हणाले, "आजी, हे घ्या. तिकीट काढलंय तुम्ही. आता हक्कानं बसा." मग ती बसली. नातू सांगतो, आजी मागच्या वर्षी गेली. तिच्या पत्र्याच्या पेटीत काळभाताच्या बियाण्याच्या पुडीशेजारी ती तिकिटं निघाली, दोऱ्यानं बांधलेली. त्यावरची शाई पार उडून गेली होती. कोरे कागद तिनं जपून ठेवले होते.

अण्णा, हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत.

एक गोष्ट मात्र मी स्वतः बघितली, ती या फाईलमध्ये माझ्याकडून. मशीन यायच्या आधीचा काळ, तिकिटांचा ट्रे आणि चिमटा होता तेव्हाचा. जुलै महिना. घाटघरचा पाऊस इथं कुणाला समजावून सांगायला नको. मुरशेतच्या पुढं रस्ता दिसेना. धुकं असं की दिव्यांचा उजेड काचेवरच परत यायचा. गाडीत चौतीस माणसं, एका बाजूला धरणाचं पाणी. मी गाडी उभी केली. अण्णा काही न बोलता उतरले, बॅटरी घेतली आणि गाडीच्या पुढं चालायला लागले. त्यांनी उजेड हलवायचा आणि मी त्या उजेडामागं पहिल्या गिअरमध्ये गाडी घ्यायची. दोन तास असे गेलो. अंगावरची घोंगडी त्यांनी उतरताना काढून तिकिटांच्या ट्रेवर टाकली होती. स्वतः खाकी शर्टावर, डोक्यावर काही नाही. घाटघरला पोचलो तेव्हा हाताच्या बोटांची कातडी पांढरी पडली होती आणि चिमटा धरता येत नव्हता. तरी आधी ट्रे उघडून बघितला, एकही तिकीट भिजलं नव्हतं. मग म्हणाले, "चहा मिळेल का रे कुठं?"

त्या रात्रीनंतर अण्णांच्या दोन घंट्या झाल्या की मी आरशात बघायचं सोडून दिलं. मागं बघणारा माणूस होता.

नव्या वाहकांपैकी एकानं लिहिलंय की पहिल्या दिवशी अण्णांनी त्याला मशीन शिकवलंच नाही. फाट्यावर उतरवलं आणि म्हणाले, "घंटी द्यायच्या आधी पायवाटेकडं बघायचं. आपल्याकडं माणूस रस्त्यानं येत नाही, वावरातून येतो." बत्तीस वर्षांत किती जणांची गाडी चुकली नाही, याची नोंद कुठल्या वेबिलात नाही.

अण्णा, ही फाईल तुमची. सगळ्या चिठ्ठ्या मी मॅडमकडून टोचून घेतल्यात. सावकाश वाचा.

आता साडेपाचची घाटघर मुक्कामी फलाटावर लागली आहे. आज मीच चालवणार, तशी साहेबांची परवानगी घेतलीय. तुमचं गाव वाटेवरच आहे. दारामागची वाहकाची सीट आज सोडा, पुढच्या सीटवर वहिनींच्या शेजारी बसा. तिकीट तो नवा पोरगा देईल, एक फुल आणि वहिनींचं एक हाफ. घंटीही तोच देईल. पायवाटेकडं बघून.