भूलपूर्व तपासणी नोंद

सोमवार १० नोव्हेंबर २०२५, दुपारी ४.००. महिला सर्जिकल वॉर्ड, खाट १२. वय ५८, वजन ८२ किलो, उंची १५६ सेंमी, बीएमआय ३३.७. पित्ताशयातील खड्यांसाठी नियोजित लॅप्रोस्कोपिक कोलेसिस्टेक्टॉमी, उद्या सकाळी.

निर्णय: उद्याची केस पुढे ढकलली. शुक्रवार १४ नोव्हेंबर, सकाळी ८.३०, यादीत पहिली. सर्जनना कळवले, मान्य.

कारण: "शुगरची एकच गोळी" असे रुग्ण सांगते. पाकीट पाहिले तर ती डापाग्लिफ्लोझिन १० + मेटफॉर्मिन ५०० ही जोडगोळी निघाली. शेवटचा डोस आज सकाळी ८ ला. डापाग्लिफ्लोझिन किमान ३ दिवस बंद हवे. नाहीतर उपाशीपोटी कीटोअ‍ॅसिडोसिसचा धोका, आणि त्यात शुगर जवळपास नॉर्मल असू शकते, म्हणून ग्लुकोमीटरवर विसंबू नये.

इतिहास: मधुमेह ९ वर्षे, रक्तदाब ६, थायरॉईड ४. १९९६ ला स्पायनलखाली सिझेरियन, त्रास नाही. सल्फाने पुरळ. दिवसातून दोनदा मिश्री. दोन जिने न थांबता चढते. घोरते, दिवसा पेंगते. स्टॉप-बँग ५.

बीपी १४८/८६, उभे राहून ३ मिनिटांनी १३२/८०. नाडी ८४, ऑक्सिजन ९७%. छाती स्वच्छ. एचबीएवनसी ७.६, क्रिएटिनिन ०.९, टीएसएच ३.१, हिमोग्लोबिन ११.२. ईसीजीत डाव्या जवनिकेची वाढ.

श्वसनमार्ग: तोंड ४ सेंमी उघडते. मॅलमपाटी ३. हनुवटी ते थायरॉईड ६ सेंमी. ओठ चावण्याची चाचणी वर्ग २. मान मागे कमी वळते, घेर ४२ सेंमी. वरचा डावा मधला दात हलतो. तो निघू शकतो हे रुग्ण व मुलाला सांगितले, संमतीपत्रात लिहिले. नमस्कार-चाचणीत तळवे पूर्ण जुळतात. मास्कने श्वास देणे व नळी घालणे, दोन्ही अवघड जाण्याची शक्यता. रॅम्प पोझिशन, पहिल्याच प्रयत्नाला व्हिडिओ लॅरिंगोस्कोप, बूजी व ४ नंबर एलएमए टेबलावर उघडून.

औषधे: जोडगोळी आजपासून बंद. त्याऐवजी नुसते मेटफॉर्मिन ५०० दिवसातून दोनदा, गुरुवार रात्रीपर्यंत, शुक्रवारी नाही. तोवर रोज उपाशीपोटी व जेवणानंतर शुगर. टेल्मिसार्टन ४० गुरुवारी सकाळी शेवटची, शुक्रवारी द्यायची नाही (भुलेखाली बीपी घसरते). अ‍ॅम्लोडिपिन ५ आणि थायरॉक्सिन ५० मायक्रोग्रॅम शुक्रवारीही, ६ वाजता घोटभर पाण्याबरोबर. मिश्री आजपासून बंद.

उपवास: आज दुपारी १.३० ला जेवली आहे. गुरुवारी रात्री १० पर्यंत हलके जेवण, नंतर काही खायचे नाही. साधे पाणी शुक्रवारी ६.३० पर्यंत, एका वेळी २०० मिलीपर्यंत. दुधाचा चहा हे पाणी नव्हे. नातेवाईक तो हमखास पाजतात, म्हणून त्यांना वेगळे बजावले.

शुक्रवार ६.३०: शुगर व रक्तातील कीटोन. कीटोन ०.६ मिलिमोलपेक्षा जास्त किंवा शुगर २५० च्या वर असल्यास रुग्णाला थिएटरमध्ये न आणता मला फोन. ७० च्या खाली: २५% डेक्स्ट्रोज १०० मिली शिरेतून, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी.

जोखीम श्रेणी: एएसए ३. जनरल अ‍ॅनेस्थेशिया. शस्त्रक्रियेनंतर रात्रभर एचडीयू, डोके ३० अंश वर, सतत ऑक्सिजन मोजणी, झोपेची गोळी नाही.

— कर्तव्यावरील भूलतज्ज्ञ