सगळ्यांनाच अ‍ॅडमिन का करता येत नाही: सोमवारच्या मीटिंगमधल्या प्रश्नाबद्दल

मॅडम, नमस्कार.

सोमवारी मीटिंगमध्ये तुम्ही म्हणालात, "दर वेळी तिकीट टाकायचं, तुमची वाट बघायची. त्यापेक्षा सगळ्यांना अ‍ॅडमिन करून टाका ना, विषय संपला." मी "तसं नाही करता येत" एवढंच बोललो आणि गप्प बसलो. ते उद्धट वाटलं असेल तर माफ करा. खरं कारण दोन वाक्यांत मावणारं नव्हतं आणि सगळ्यांना उठायची घाई झाली होती. म्हणून आता निवांत लिहितोय.

आधी एक कबूल करतो, तुमची तक्रार खरी आहे. गेल्या महिन्याची तिकिटं बसून मोजली. एकूण ४१. त्यातली १७ प्रिंटर जोडून देण्याची, ११ अकाउंट्सच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटची, ६ नवीन सॉफ्टवेअर टाकण्याची आणि उरलेली ७ किरकोळ. एका मंगळवारी अकाउंट्समधल्या मॅडम सकाळी दहापासून दुपारी तीनपर्यंत खोळंबल्या होत्या, कारण मी सर्व्हरच्या कामात अडकलो होतो आणि पासवर्ड टाकायला दुसरं कोणी नव्हतं. यात त्यांची काहीच चूक नव्हती. पण यावर सगळ्यांना अ‍ॅडमिन करणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. दुखणं आहे माझ्या उशिराचं, आणि उपाय चाललाय कुलपं काढून टाकण्याचा.

आपण 'अ‍ॅडमिन' हा एकच शब्द तीन वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरतो, तिथूनच घोळ सुरू होतो. एक, स्वतःच्या लॅपटॉपचा अ‍ॅडमिन. दोन, शेअर्ड ड्राइव्हचा किंवा अकाउंट्सच्या सॉफ्टवेअरचा अ‍ॅडमिन. तीन, कंपनीच्या सगळ्या मेल आणि लॉगिनचा अ‍ॅडमिन. हा तिसरा कोणाचाही पासवर्ड बदलू शकतो, अगदी तुमचासुद्धा. मायक्रोसॉफ्टचा स्वतःचाच सल्ला आहे की सर्वोच्च दर्जाचे असे अ‍ॅडमिन पाचापेक्षा कमी ठेवा. आपल्याकडे दोन आहेत. तुम्ही बोलत होतात पहिल्याबद्दल, म्हणून मीही मुख्यतः त्याच्याबद्दलच लिहितो.

आता मुद्द्याचं. आपल्याला वाटतं की अ‍ॅडमिनचा अधिकार माणसाला मिळतो. कॉम्प्युटर तसं समजत नाही. तुम्ही लॉगिन केलंत की त्यानंतर उघडलेला प्रत्येक प्रोग्रॅम तुमच्या नावावर चालतो: मेल, ब्राउझर, मेलमधून उतरवलेली फाइल. चांगला प्रोग्रॅम कोणता आणि लबाड कोणता हे कॉम्प्युटरला कळत नाही. तो फक्त बघतो की हे कोणाच्या नावावर चाललंय आणि त्या माणसाला काय काय करायची मुभा आहे. सही तुमची, मग मजकूर कोणी का लिहिला असेना.

समजा खरेदी विभागात एकाला 'थकीत बिल' अशा विषयाची मेल आली. सोबत एक फाइल. महिनाअखेर आहे, तो ती उघडतो. साधं लॉगिन असेल तर स्क्रीनवर एक चौकोन येतो आणि अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागतो. त्याच्याकडे तो नाही. मग तो मला फोन करतो, "बिल उघडायला पासवर्ड का मागतंय हो?" आणि तिथेच मला कळतं, कारण बिल उघडायला कधीच पासवर्ड लागत नाही. तोच माणूस अ‍ॅडमिन असेल तर पासवर्डाऐवजी फक्त हा प्रश्न येतो:

```
Do you want to allow this app to make changes to your device?
```

खाली Yes आणि No. दिवसातून चार वेळा हा चौकोन बघणाऱ्या माणसाचा हात आपोआप Yes वर जातो. माझाही जातो, खोटं कशाला सांगू. आणि ते एकदा दाबलं की तो प्रोग्रॅम अँटीव्हायरस बंद करू शकतो, विंडोजने फाइलींच्या जुन्या प्रती जपून ठेवलेल्या असतात त्या पुसू शकतो, स्वतःला इतका आत रोवू शकतो की लॅपटॉप पूर्ण कोरा केल्याशिवाय निघत नाही. त्या मशीनवर आधी कोणी लॉगिन केलं असेल तर त्याच्या लॉगिनचे अवशेषसुद्धा उचलू शकतो. दुरुस्तीसाठी मी तिथे लॉगिन केलेलं असेल तर ते अवशेष माझे.

ही शेवटची गोष्ट कल्पनेतली नाही. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या नावाचा व्हायरस याच वाटेने पसरला. एका मशीनमध्ये शिरायचं, तिथल्या मेमरीतून लॉगिनचे तपशील काढायचे आणि ते ज्या ज्या मशीनवर अ‍ॅडमिन म्हणून चालतील तिथे घुसायचं. विंडोजमधल्या त्रुटींचाही त्याने फायदा घेतला, पण चोरलेल्या लॉगिनवर तो अपडेट केलेल्या मशीनमध्येही शिरत होता. मर्स्क ही जगातल्या सर्वांत मोठ्या जहाज कंपन्यांपैकी एक. तिच्या अध्यक्षांनी पुढे जाहीरपणे सांगितलं की त्यांना ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर नव्याने उभे करावे लागले. अ‍ॅडमिन जितके जास्त, तितक्या अशा व्हायरसला वाटा जास्त.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगतो. साधं लॉगिन म्हणजे कवचकुंडलं नव्हेत. खंडणी मागणारा व्हायरस साध्या लॉगिनवर आला तरी त्या माणसाच्या फाइली आणि शेअर्ड ड्राइव्हवर त्याला जिथे लिहायची मुभा आहे ते फोल्डर कुलूपबंद करू शकतोच. फरक पडतो तो नुकसानीच्या पसाऱ्यात. एक माणूस आणि त्याचे फोल्डर असतील तर मी बॅकअपवरून बहुधा त्याच दिवशी उभं करून देईन. सगळी कंपनी आडवी झाली तर किती दिवस लागतील ते मला सांगता येणार नाही.

तुम्ही मीटिंगमध्ये असंही म्हणालात, "आपली माणसं विश्वासू आहेत." आहेतच. मला यात कोणाच्या नियतीबद्दल शंका नाही. चुका विश्वासू माणसांकडूनच होतात, कारण काम तेच करत असतात. याचं उदाहरण मी स्वतः आहे. आधीच्या एका नोकरीत मला शेअर्ड ड्राइव्हवरच्या फक्त एका फोल्डरची परवानगी बदलायची होती. चुकून एक पायरी वरचा फोल्डर निवडला आणि खालच्या या ओळीसमोर टिक केली:

```
Replace all child object permission entries with inheritable permission entries from this object
```

साध्या भाषेत याचा अर्थ असा की आतल्या सगळ्या फोल्डरांना आजवर दिलेल्या वेगळ्या परवानग्या पुसा आणि वरच्याच लावा. OK दाबलं, हिरवी पट्टी सरकत गेली. दोन मिनिटांनी एचआरमधून फोन, "पगाराचा फोल्डर सगळ्यांना दिसतोय का?" दिसत होता. परवानग्या जुन्या यादीवरून एकेक करून परत लावल्या, रात्री अकरा वाजले. तेव्हा मला या कामाचा सहा वर्षांचा अनुभव होता.

आणि हे फक्त माझ्यासारख्यांचंच होतं असं नाही. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीत एका जाणकार इंजिनिअरने रात्री उशिरा दमलेल्या अवस्थेत चुकीच्या सर्व्हरवर डेटा पुसायची आज्ञा दिली. एक-दोन सेकंदांत चूक लक्षात आली, त्याने थांबवलं, तोवर सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरलं होतं. सुमारे सहा तासांतले बदल कायमचे गेले. हे सगळं कंपनीने स्वतःच खुलेपणाने लिहून ठेवलं आहे, ते मला फार आवडलं.

म्हणूनच मी स्वतःसुद्धा दिवसभर अ‍ॅडमिन नसतो. माझी दोन लॉगिन आहेत. मेल, ब्राउझर, ही चिठ्ठी, सगळं साध्या लॉगिनवर. अ‍ॅडमिनचं काम निघालं की दुसरं लॉगिन, काम झालं की बाहेर. मला कोणी अडवणारं नाही, तरी मी हे पाळतो.

ऑडिटचाही भाग आहे, थोडक्यात सांगतो. कोणी काय केलं याची नोंद विंडोज ठेवतं. अ‍ॅडमिन ती नोंद पुसू शकतो. पुसल्याची एक नोंद राहते खरी, पण आत काय होतं ते गेलेलं असतं. सगळेच अ‍ॅडमिन असतील तर उद्या एखादी फाइल गायब झाल्यावर "कोणी केलं?" याला आपल्याकडे उत्तर नसेल, आणि ज्याने केलं नाही त्याच्याकडेही बोट जाईल.

आता ४१ तिकिटांचं काय करायचं ते.

प्रिंटर मी या आठवड्यात सगळ्यांच्या लॅपटॉपवर आपोआप जोडले जातील असं लावतोय. हे आधीच व्हायला हवं होतं. नेहमीच्या सॉफ्टवेअरची एक यादी करतो. त्या यादीतलं काहीही कोणीही, मला न विचारता, एका बटणावर टाकून घेऊ शकेल. यादीत काय असावं हे प्रत्येक विभागप्रमुखाने सुचवावं. अकाउंट्सच्या सॉफ्टवेअरचं दुखणं मी तपासलं. त्याला अ‍ॅडमिन लागतच नाही, त्याला फक्त स्वतःच्या फोल्डरमध्ये लिहायची मुभा हवी आहे. तेवढी अकाउंट्समधल्या पाच जणांना दिली की ११ तिकिटं संपली. डिझाइनमधल्या दोघांना अधूनमधून खरंच अ‍ॅडमिन लागतं. त्यांना मागतील तेव्हा दोन तासांपुरता अधिकार देऊ, वेळ संपली की तो आपोआप निघेल. आणि मी जागेवर नसताना अडू नये म्हणून सपोर्टमधल्या आपल्या दुसऱ्या सहकाऱ्याला लॅपटॉपपुरता अधिकार द्यायचा आहे. मेल आणि सर्व्हरचा नाही. त्याला तुमची मंजुरी लागेल.

एक अवघड गोष्ट शेवटी ठेवली होती. तुमचा स्वतःचा लॅपटॉप माझ्या आधीच्या माणसाने अ‍ॅडमिन करून दिलेला आहे. सगळ्या विभागांची बिलं मंजुरीला तुमच्याकडे येतात, म्हणजे मघाशी सांगितलेली ती मेल सर्वांत आधी तुमच्याकडेच येणार. तो अधिकार काढायला परवानगी हवी आहे. दहा मिनिटांचं काम आहे, तुमच्या फाइलींना धक्का लागणार नाही, आणि काही अडलं तर थेट माझ्या मोबाइलवर फोन करा, तिकीट नको.

गुरुवारी चार वाजता तुमच्याकडे वेळ दिसतोय. मी लॅपटॉप घेऊन येतो. सपोर्टच्या मंजुरीवर सहीही तेव्हाच घेतो.

आपला,
सिस्टिम अ‍ॅडमिन, आयटी विभाग