२०२६-२७ चं बजेट, सगळ्यांनी वाचा

एप्रिल ते मार्चचा हिशोब मांडलाय. सोलापूर जिल्ह्यापुरतीच साईट आहे, तेवढंच धरलंय.

आधी पगार. दोन फुलटाइम रिपोर्टर प्रत्येकी २२,००० आणि डेस्क २६,००० म्हणजे महिन्याला ७०,०००. तालुक्याच्या वार्ताहरांना बातमीमागे २५०, महिन्याला साठेक बातम्या धरल्या तर १५,०००, पेट्रोल-मोबाईल ६,०००. झाले ९१,०००. याला कात्री लावायची नाही. बार्शी, करमाळ्याचा माणूस स्वतःच्या गाडीवर पावसात जाऊन फोटो आणतो आणि त्याचं मानधन तीन-तीन महिने अडकतं हे या वर्षी चालणार नाही, दर महिन्याच्या ७ तारखेला सगळ्यांचे पैसे, मग जाहिरात आलेली असो वा नसो.

होस्टिंग, बॅकअप, डोमेन मिळून महिना ३,६००. आषाढीला पंढरपूरच्या बातम्यांवर ट्रॅफिक एकदम चढतं, तेव्हा सर्व्हर मोठा घ्यायला वेगळे ४,०००. सीए, लाईटबिल, नेट ५,४००. म्हणजे महिना बरोब्बर १ लाख, वर्षाचे १२ लाख, त्यात आषाढीचे ४,००० आणि दिवाळीला तिघांना अर्धा पगार बोनस ३५,०००.

एकूण खर्च: १२,३९,०००

आता जमा. वर्गणी ९०० रुपये, आत्ता ६२० वाचक आहेत, काही रिन्यू करणार नाहीत, काही नवे येतील, म्हणून ६०० धरले, ५,४०,०००. पेमेंट गेटवेचे २ टक्के आणि त्यावर जीएसटी कापून हातात साधारण ५,२७,०००.

जाहिरातीचं मात्र नक्की सांगता येत नाही. वर्षाचा करार असलेले तिघे (क्लास, साडीचं दुकान, हॉस्पिटल) मिळून १,४४,०००, हे पक्के. गूगलचे महिना ६,००० धरले, वर्षाचे ७२,०००, पण खात्यात शंभर डॉलर जमल्याशिवाय पैसे सुटत नाहीत त्यामुळे मधले महिने कोरडे जाणारच. वाढदिवस, गणपती, दिवाळीच्या जाहिरातींची मागच्या वर्षी ३,१०,००० ची बिलं फाडली आणि हातात आले १,९०,०००, म्हणून १,९०,००० च धरलेत. आचारसंहिता लागली की सरकारी जाहिरात बंद, म्हणून ती शून्य.

एकूण जमा: ९,३३,०००
तूट: ३,०६,०००

बँकेतले १,८०,००० यात घालायचे, तरी १,२६,००० कमी पडतात. आम्हा दोघा चालकांचं मानधन यंदाही शून्य. उरलेलं वर्गणीतूनच काढायचं, म्हणजे ६०० वर अजून साधारण १४५ वाचक. नेत्यांच्या वाढदिवसाच्या पानांमागे धावण्यापेक्षा हे मला जास्त योग्य वाटतं, कारण ज्याची जाहिरात त्याच्याविरुद्धची बातमी आली की फोन येतोच.

सप्टेंबरअखेर आकडा ६८० च्या खाली असेल तर व्हिडिओ कॅमेरा आणि नवं ऑफिस दोन्ही विषय पुढच्या वर्षी. आणि वाढदिवसाची जाहिरात आता अर्धे पैसे आधी, मग पोस्ट. जुनी १,२०,००० ची उधारी कोणाकडे किती आहे ती यादी शनिवारपर्यंत पाठवा, ती आली तर ती बजेटमध्ये न धरता थेट पगाराच्या खात्यात टाकू.