क्लबिंगची छोटी गणितं: नवरा-बायको आणि अज्ञान मूल (सराव संच, उत्तरांसह)

मागील वर्ष २०२५-२६, आकारणी वर्ष २०२६-२७. म्हणून कलमांचे आकडे १९६१ च्या आयकर कायद्यातले आहेत. १ एप्रिल २०२६ पासून लागू होणाऱ्या २०२५ च्या कायद्याचे इथे लिहू नका. प्रश्नात वेगळं सांगितलं नसेल तर करदात्याने जुनी कर पद्धत निवडली आहे असं धरा. आधी प्रश्न वाचून स्वतः उत्तर लिहा, मगच खालचं उत्तर बघा. क्लबिंग वाचताना सगळं कळतं आणि कागदावर उतरवताना हातातून निसटतं.

प्र. १ (३ गुण). महेशने १ एप्रिल २०२४ रोजी पत्नी स्मिताला ६,००,००० रुपये भेट दिले. तिने त्याच दिवशी ते ७% दराने बँकेत मुदत ठेवीत टाकले. वर्षाअखेर मिळालेलं व्याज ४२,००० तिने १ एप्रिल २०२५ रोजी एका कंपनीत ८% दराने गुंतवलं. मूळ ठेव चालूच आहे. २०२५-२६ मध्ये कोणाच्या उत्पन्नात काय येईल?

उत्तर: बँकेचं चालू वर्षाचं व्याज ४२,००० महेशच्या उत्पन्नात, कलम ६४(१)(iv). कंपनीचं व्याज ३,३६० मात्र स्मिताचं. महेशने दिली ती मालमत्ता ६,००,००० ची, त्यामुळे तिच्यावरचं उत्पन्न दरवर्षी त्याच्याकडे येतं. त्या उत्पन्नाच्या गुंतवणुकीवर जे मिळतं ते स्मिताच्याच नावावर राहतं. अर्धा वर्ग इथे ४५,३६० महेशला लावतो आणि एक गुण घालवतो. ठेव संचयी असेल तर बँक व्याजावरचं व्याज वेगळं दाखवत नाही, ते आपणच मोजायचं. आणि ६,००,००० ची भेट मिळाली म्हणून स्मितावर कर नाही. नवरा ‘नातेवाईक’ आहे.

प्र. २ (४ गुण). येवल्यात सुनंदाचं पैठणी विक्रीचं दुकान आहे. १ एप्रिल २०२५ रोजी दुकानातलं तिचं भांडवल ८,००,००० होतं. त्यातले ३,००,००० पती विलासने १० फेब्रुवारी २०२५ ला भेट दिलेले. १ जून २०२५ ला त्याने आणखी २,००,००० दिले, तेही तिने दुकानातच घातले. वर्षाचा करपात्र नफा २,४०,०००. विलासच्या उत्पन्नात किती मिळवाल?

उत्तर: कलम ६४(१) चं स्पष्टीकरण ३ लावायचं. धंद्याच्या बाबतीत वर्षाच्या पहिल्या दिवसाचं भांडवल बघतात.

२,४०,००० × ३,००,००० ÷ ८,००,००० = ९०,००० विलासला; उरलेले १,५०,००० सुनंदाला.

जूनचे दोन लाख या वर्षी मोजायचेच नाहीत. ५ भागिले १० करून १,२०,००० लिहिणारे दरवर्षी असतात. तारीख मुद्दाम दिलेली असते हे त्यांच्या लक्षात येत नाही. पुढच्या १ एप्रिलला भांडवलाचा आकडा काढाल तेव्हा ते दोन लाख त्यात येतील.

उपप्रश्न: नफ्याऐवजी ८०,००० तोटा झाला असता तर? मग त्याच प्रमाणात ३०,००० तोटा विलासकडे गेला असता. स्पष्टीकरण २ प्रमाणे ‘उत्पन्न’ या शब्दात तोटाही येतो.

प्र. ३ (२ गुण). प्रशांतने १५ नोव्हेंबर २०२५ ला, साखरपुड्यानंतर, होणाऱ्या बायकोला २०० शेअर भेट दिले. लग्न २ डिसेंबरला. त्यानंतर मिळालेला लाभांश क्लब होईल का?

उत्तर: नाही. मालमत्ता देतानाही नवरा-बायकोचं नातं हवं आणि उत्पन्न मिळतानाही हवं. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये फिलिप जॉन प्लास्केट थॉमस प्रकरणात हेच ठरवलं.

प्र. ४ (३ गुण). अनिलकडे एका खासगी कंपनीचे १२% मतदान हक्काचे शेअर आहेत, त्याच्या सख्ख्या भावाकडे ९%. कंपनी अनिलची पत्नी वंदना हिला महिना २५,००० पगार देते. वंदना बी.ए. आहे, हिशेबाचा अनुभव नाही, हुद्दा मात्र ‘लेखा व्यवस्थापक’.

उत्तर: क्लब होईल, कलम ६४(१)(ii). १२% बघून ‘भरीव हितसंबंध नाही’ असं लिहू नका. मर्यादा २०% आहे आणि त्यात नातेवाइकांचे शेअर मिळवतात. भाऊ नातेवाईक, म्हणून २१%. वंदना सीए असती आणि पगार तिच्या त्या ज्ञानामुळे आणि अनुभवामुळेच मिळत असता तर तो तिच्याकडेच राहिला असता. नुसत्या हुद्द्याने काम भागत नाही.

प्र. ५ (३ गुण). (अ) संजयने स्वतःचा सातारचा फ्लॅट बक्षीसपत्राने पत्नीच्या नावे केला. (आ) संजयच्या मित्राने संजयच्या पत्नीला रोख रक्कम दिली आणि तिने त्यातून फ्लॅट घेतला. दोन्ही फ्लॅट भाड्याने दिले आहेत. कोणतं कलम लागेल?

उत्तर: (अ) मध्ये क्लबिंग नाहीच. कलम २७(i) प्रमाणे संजय ‘मानीव मालक’. भाडं थेट त्याच्याच घर मालमत्तेच्या उत्पन्नात येतं. (आ) मध्ये घर हस्तांतरित झालेलं नाही, रोख झाली आहे. म्हणून २७(i) बाजूला आणि कलम ६४ समोर, पण तेही नवऱ्याने स्वतःच्या बायकोला पैसे दिले असतील तरच. प्रश्न नीट वाचा. इथे ‘संजयच्या मित्राने’ असं म्हटलंय, संजयने नाही. पत्नीचं भाडं तिच्याकडेच राहील.

प्र. ६ (८ गुण). राजेशचं उत्पन्न ९,४०,०००, पत्नी नेहाचं १०,१०,००० (दोन्ही क्लबिंगपूर्वी). मुलं तीन:

आरव, १४ वर्षं: आजोबांनी भेट दिलेल्या ठेवीचं व्याज १८,०००.
ईशा, ९ वर्षं: मराठी मालिकेत काम केल्याचं मानधन १,५०,०००, मागच्या वर्षीच्या मानधनाच्या ठेवीचं व्याज ६,०००.
कबीर, १६ वर्षं: कलम ८०यू मध्ये सांगितलेलं अपंगत्व, ठेवीचं व्याज ४०,०००.

नेहाचं एकूण उत्पन्न काढा.

उत्तर: कलम ६४(१अ). ज्या पालकाचं उत्पन्न जास्त, त्याच्याकडे, इथे नेहा.

आरव: १८,००० वजा कलम १०(३२) ची सूट १,५०० = १६,५००.
ईशा: मानधन तिच्या स्वतःच्या कौशल्याचं, म्हणून तिचंच. व्याज ६,००० वजा १,५०० = ४,५००.
कबीर: काहीच क्लब नाही, ४०,००० त्याचे.

नेहा: १०,१०,००० + १६,५०० + ४,५०० = १०,३१,०००. तिने नवी पद्धत घेतली तर १,५०० ची सूट जाते. २४,००० पूर्ण मिळून १०,३४,०००.

इथे थोडं थांबू. बायकोच्या बाबतीत आपण विचारतो, पैसा कोणाचा होता? मुलाच्या बाबतीत कायदा हा प्रश्न विचारतच नाही. आजोबांनी दिले, मामाने दिले, वाढदिवसाच्या पाकिटातून जमले, फरक पडत नाही. ‘ठेव आजोबांची, म्हणून क्लबिंग नाही’ हे उत्तर मी इतक्यांदा तपासलंय की लाल पेन आपोआप चालतं. ईशाचं उदाहरण तर आणखी टोकाचं: तिने स्वतः कमावलेल्या पैशावरचं व्याजसुद्धा आईकडे जातं, कारण व्याज कौशल्यातून येत नाही, ठेवीतून येतं.

पुढच्या वर्षी राजेशचं उत्पन्न नेहाच्या वर गेलं तर? तरी मुलांचं उत्पन्न नेहाकडेच राहतं. बदलायचं असेल तर आकारणी अधिकाऱ्याची तशी खात्री पटावी लागते आणि ज्याच्याकडे वळवायचं त्याला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते.

प्र. ७ (१ गुण). आई-वडिलांचा घटस्फोट झालेला आहे, मूल आईकडे वाढतं, वडील श्रीमंत. मुलाचं व्याज कोणाला?

उत्तर: मागील वर्षात मुलाचा सांभाळ करणाऱ्या पालकाला, म्हणजे आईला.

प्र. ८ (३ गुण). तन्वीला २० ऑक्टोबर २०२५ रोजी अठरा वर्षं पूर्ण झाली. तिच्या ठेवीचं वर्षाचं व्याज ३६,५००, रोज सारखं जमा होणारं. विभागणी करा.

उत्तर: १ एप्रिल ते १९ ऑक्टोबर, २०२ दिवस: २०,२०० पालकाकडे, वजा १,५०० = १८,७००. उरलेल्या १६३ दिवसांचे १६,३०० तन्वीचे. तिचं विवरणपत्र वेगळं.

प्र. ९ (४ गुण). दिनकर आणि सुधाकर सख्खे भाऊ. दिनकरने वहिनीला, म्हणजे सुधाकरच्या बायकोला, ३,००,००० दिले. सुधाकरने त्याच दिवशी दिनकरच्या बायकोला २,००,०००. दोघींनी ८% ने वर्षभर ठेवले.

उत्तर: कागदावर कोणीच स्वतःच्या बायकोला दिलेलं नाही. पण एकाच व्यवहाराचे हे दोन तुकडे, म्हणजे अप्रत्यक्ष हस्तांतरण, सी. एम. कोठारी, सर्वोच्च न्यायालय, १९६३. जेवढं समोरासमोर जुळतं तेवढंच क्लब, म्हणजे २,००,००० पर्यंत. दिनकरकडे १६,०००. सुधाकरकडे १६,०००. सुधाकरच्या बायकोच्या व्याजातले उरलेले ८,००० तिचे, कारण त्या जादा एक लाखाच्या बदल्यात सुधाकरने काही दिलेलं नाही.

प्र. १० (२ गुण). पतीने दिलेल्या पैशातून पत्नीने पीपीएफ भरला. व्याज ७,१००. क्लब किती?

उत्तर: व्याज करमुक्तच, तेव्हा करपात्र शून्य. पतीकडे नेलं तरी शून्य.

प्र. ११ (३ गुण). मडगावच्या दांपत्याला पोर्तुगीज दिवाणी संहितेची सामाईक मालमत्तेची पद्धत लागू आहे. पतीच्या बेकरीचा नफा ६,४०,०००. पत्नीचा करपात्र पगार ४,८०,०००.

उत्तर: कलम ५अ. पगार सोडून बाकी उत्पन्न दोघांत निम्मं-निम्मं. पती ३,२०,०००; पत्नी ३,२०,००० + ४,८०,००० = ८,००,०००. हे क्लबिंग नव्हे, बरोबर उलटं आहे: तिथे दोघांचं एकाकडे नेतात, इथे एकाचं दोघांत वाटतात. गोव्यातल्या विद्यार्थ्यांना हे घरूनच माहीत असतं, आपल्याकडच्यांनी एकदा लिहून काढा.

प्र. १२ (२ गुण). प्र. ६ मधल्या आरवच्या व्याजावर बँकेने त्याच्याच पॅनवर १,८०० टीडीएस कापला. तो कोणाला मिळेल?

उत्तर: नियम ३७बीबी नव्हे, ३७बीए. ज्याच्या उत्पन्नात व्याज करपात्र, त्यालाच टीडीएसचं श्रेय, म्हणजे नेहाला. त्यासाठी बँकेला तसं घोषणापत्र द्यायचं, म्हणजे बँक कपात नेहाच्या पॅनवर दाखवते. विवरणपत्रात मुलाचं उत्पन्न ‘एसपीआय’ अनुसूचीत भरायचं.