निवासी पुजारी नियुक्तीपत्र

श्री दत्त मंदिर विश्वस्त मंडळ
शुक्रवार पेठ, कोल्हापूर
दि. १५ मे २०२६

वेदमूर्ती जोशी गुरुजी यांसी,
सा. न. वि. वि.

मंडळाच्या बैठकीत एकमताने ठरल्याप्रमाणे दि. १ जून २०२६ पासून आपली निवासी पुजारी म्हणून नेमणूक करीत आहोत. पहिले सहा महिने उभयपक्षी परिचयाचे राहतील. त्यानंतर नेमणूक कायम होईल.

मानधन दरमहा रु. १८,०००. ते ५ तारखेपर्यंत आपल्या बँक खात्यात जमा होईल. अभिषेकाच्या पावतीतील निम्मी रक्कम आणि भक्तांनी हातात दिलेली दक्षिणा आपली. दानपेटी व देवापुढील ताटातील रक्कम देवस्थानची.

मंदिरामागील दोन खोल्या आपल्या कुटुंबासाठी विनाभाडे आहेत. मागच्या खोलीची कौले उतरवून नव्याने शाकारली असून सोवळ्याच्या पाण्यासाठी स्वतंत्र नळ घेतला आहे. वीज व पाणीपट्टी मंडळ भरेल. २०१९ आणि २०२१ चा महापूर या शहराने पाहिला आहे. म्हणून पंचगंगेचे पाणी वाढू लागताच आपल्या कुटुंबाची सुरक्षित जागी सोय मंडळ स्वखर्चाने करील. पाण्यात अडकून पूजा करण्याचा आग्रह कोणीही धरणार नाही.

पहाटे पाचला काकड आरती, त्यानंतर अभिषेक व पूजा, दुपारी नैवेद्य, सायंकाळी धूपारती आणि रात्री नऊला शेजारती ही नित्यसेवा आपल्याकडे राहील. दर गुरुवारी पालखी, तसेच गुरुप्रतिपदा, गुरुपौर्णिमा, गुरुद्वादशी व दत्तजयंतीचे विधी आपण करावेत. झाडलोट, हिशेब व पावत्या सेवेकरी पाहतील. ही कामे आपल्यावर टाकली जाणार नाहीत. देवाचे चांदीचे दागिने यादीप्रमाणे मोजून आपल्या ताब्यात देऊ. दर पौर्णिमेला दोन विश्वस्तांसमक्ष ती यादी पडताळावी. यात अविश्वास नाही. उद्या कोणी बोट दाखवू नये, हाच हेतू आहे. बाहेरची पूजा नित्यसेवेच्या वेळा सांभाळून अवश्य घ्यावी.

महिन्यातून दोन दिवस व वर्षातून पंधरा दिवस भरपगारी रजा मिळेल. रजा आठवडाभर आधी कळवावी. दत्तजयंतीच्या सप्ताहात शक्यतो घेऊ नये. सोयर-सुतकाचे दिवस रजेत धरले जाणार नाहीत, त्यांचे मानधनही कापले जाणार नाही. त्या काळात, तसेच आजारपणात बदली गुरुजी बोलावणे हे मंडळाचे काम. आजही अनेक ठिकाणी हा भार पुजाऱ्यावरच पडतो, ते आम्हाला मान्य नाही.

सेवा थांबवायची झाल्यास दोन्ही बाजूंनी दोन महिन्यांची लेखी पूर्वसूचना द्यावी. परिचयाच्या काळात एक महिना पुरे. मंडळाने सूचना देताना कारण लेखी कळवावे आणि त्याआधी आपले म्हणणे ऐकून घ्यावे. सेवा संपल्यावर घर रिकामे करण्यास तीस दिवस मिळतील. मुलांची वार्षिक परीक्षा तोंडावर असेल तर ती होईपर्यंत थांबू.

वरील अटी मान्य असल्यास सोबतच्या प्रतीवर सही करून ती २५ मेपर्यंत कार्यालयात द्यावी. काही बदल हवा असल्यास त्याआधी निःसंकोच बोलावे.

कळावे, लोभ असावा.

आपले नम्र,
अध्यक्ष व सचिव
विश्वस्त मंडळाकरिता